प्रिंट केलेला नट बोल्टवर अडकतो किंवा आटे सोडतो: पिचप्रमाणे फट कशी ठेवायची

नट-बोल्टची जोडी मॉडेल केली, प्रिंट केली आणि नट दीड फेऱ्यांत अडकला, ही तक्रार माझ्याकडे सतत येते. येणाऱ्या प्रत्येकाने आधी कुणाला तरी विचारलेलं असतं आणि "क्लिअरन्स ०.२ ठेव" हे उत्तर मिळालेलं असतं. हा आकडा चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. हे ०.२ नेमकं कुठे मोजायचं आणि किती पिचच्या आट्यासाठी, ते ठरल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही. तोच आकडा एका जोडीत नट घट्ट अडकवतो आणि दुसऱ्या जोडीत इतका सैल करतो की थोडा जोर दिला की आटे सुटतात.

खालचं सगळं फिलामेंटच्या प्रिंटरबद्दल आहे. नोझल ०.४ मिमी, बोल्ट उभा प्रिंट केलेला आणि आटे नेहमीचे मेट्रिक, असं धरलं आहे. चार शब्द आधी स्पष्ट करतो, कारण पुढे तेच लागतील. आट्याचं बाहेर आलेलं टोक म्हणजे माथा, आतली खोल जागा म्हणजे खाच आणि माथा-खाच जोडणाऱ्या तिरप्या बाजू म्हणजे उतार. एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर म्हणजे पिच. मेट्रिक आट्यात दोन उतारांमधला कोन ६० अंशांचा असतो. त्यामुळे बोल्ट उभा ठेवला की प्रत्येक उतार आडव्या पातळीशी ३० अंशांत येतो. हे ३० अंश पुढे दोन ठिकाणी त्रास देतात.

## लक्षणं

आधी नट हातात घेऊन नेमकं काय होतंय ते पाहा. "बसत नाही" एवढ्या वर्णनावरून काहीच कळत नाही.

- नट सुरूच होत नाही, पहिल्या आट्यावरच अडखळतो.
- नट एका बाजूने बसतो, पण उलटा धरला की बसत नाही.
- एक-दोन फेऱ्या सहज जातात, मग प्रत्येक फेरीला जोर वाढत जातो आणि शेवटी नट थांबतो.
- नट शेवटपर्यंत जातो, पण सगळीकडे सारखाच घट्ट असतो आणि करकरतो.
- प्रत्येक फेरीत एकाच जागी अडतो, ती जागा ओलांडली की पुन्हा मोकळा होतो.
- नट सहज फिरतो, डुलतो आणि आवळताना "टक्" करून एक आटा मागे सरकतो.

यातलं तिसरं आणि चौथं लक्षण बरेच जण एकच समजतात. जोर वाढत जाणं आणि जोर सारखाच असणं यांची कारणं अगदी वेगळी आहेत. पुढच्या तपासण्या करताना हा फरक लक्षात असू द्या.

## फुकटच्या तपासण्या

नट बोल्टवर ठेवून आधी उलट्या दिशेने फिरवा. एका जागी तो हलकासा खाली बसल्याचं जाणवेल. तिथून सुलट फिरवा. आट्याचं तोंड तोंडाला लागलं नसेल तर नट तिरका चढतो आणि प्लास्टिकमध्ये तिरका चढलेला नट पहिला आटा कायमचा खराब करतो. असं करूनही अडलं तर नट उलटा करून पाहा. उलटा केल्यावर बसला तर दोष फटीत नाही, नटच्या बेडकडच्या तोंडात आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

या टप्प्यावर तेल, मेण किंवा ग्रीस लावू नका. ड्रिलमध्ये बोल्ट धरून नट जबरदस्तीने फिरवूही नका. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि घर्षणाने तेवढी उष्णता आट्यावर सहज तयार होते. उतार वितळून चिकटले की मूळ दोष कुठे होता ते कळायला मार्गच उरत नाही.

## मार्करची चाचणी

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात कामाची चाचणी आहे आणि तिला फक्त एक मार्कर लागतो. बोल्टच्या सहा-सात आट्यांवर परमनंट मार्कर फिरवा. माथा, खाच, दोन्ही उतार सगळं रंगवा. प्लास्टिक काळं असेल तर खडू घासा. रंग वाळला की नट जाईल तिथपर्यंत हळू फिरवा, परत काढा आणि उजेडात बोल्ट फिरवत रंग कुठे गेला ते पाहा.

फक्त पहिल्या आट्यावरचा रंग गेला असेल तर बेडजवळचा फुगवटा. वरून खाली एकाच उभ्या रेषेत गेला असेल तर थराचा सांधा, म्हणजे प्रत्येक थराची रेघ जिथे सुरू होते आणि संपते ती जागा. माथ्यावरचाच गेला असेल तर नटची खाच बुजली आहे किंवा व्यास कमी पडतो आहे. प्रत्येक आट्याच्या बेडकडच्या उतारावर पट्टा उमटला असेल तर तो उतार प्रिंट होताना खाली लोंबला आहे. दोन्ही उतारांवरचा रंग सगळीकडे सारखा गेला असेल तर फटच कमी आहे. आणि नट जिथे अडला तिथे त्याच्या एका टोकाला वरचा उतार, दुसऱ्या टोकाला खालचा उतार घासला असेल तर दोघांची पिच जुळत नाही. जोर वाढत जाणारं लक्षण बहुधा याचंच असतं.

## बेडजवळचा फुगवटा आणि सांधा

पहिला थर नोझलखाली दाबला जातो आणि बाहेर पसरतो. खालून पाहिलं तर कडेला बारीक ओठासारखी घडी दिसते. साध्या डब्याला याने काही बिघडत नाही. नटमध्ये मात्र हा ओठ भोकाच्या आत येतो आणि पहिल्याच आट्याची वाट अडवतो. ब्लेडने किंवा कानशीने तो काढून पाहा. नट सुरू झाला तर निदान पक्कं झालं.

कायमचा उपाय मॉडेलमध्ये करा. नटच्या दोन्ही तोंडांना ४५ अंशांचा चँफर द्या आणि तो खाचेच्या व्यासापेक्षा थोडा मोठा सुरू होऊ द्या. म्हणजे बेडला टेकणाऱ्या थरात आटा असतच नाही. बोल्टच्या टोकालाही तसंच, तिथे चँफर खाचेच्या खोलीपर्यंत न्या. स्लायसरमध्ये `Elephant foot compensation` किंवा `Initial Layer Horizontal Expansion` अशा नावाची सेटिंग असते, तीही वापरता येते. पण मी चँफरवर जास्त भरवसा ठेवतो, कारण फाइल दुसऱ्याच्या मशीनवर गेली तरी तो बरोबर जातो.

सांध्याचं म्हणाल तर स्लायसरला सांधा एकाच रेषेत ठेवायला सांगा. तो इकडेतिकडे विखुरला तर आट्यांवर सगळीकडे बारीक फोड येतात आणि एकही नीट काढता येत नाही. एका रेषेत असेल तर त्रिकोणी कानशीचे दोन हात पुरतात.

## मॉडेल खरंच जुळतं का

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर संगणकावर जा. पहिली गोष्ट, आटे खरे आहेत ना? फ्यूजनमध्ये थ्रेड दिला तरी `Modeled` वर खूण केली नसेल तर आटे फक्त चित्र म्हणून दिसतात आणि प्रिंट गुळगुळीत दांड्याचा येतो. दुसरी गोष्ट, स्लायसरमध्ये तुकडा आरशासारखा उलटवला का? तसं केलं की उजवा आटा डावा होतो आणि मग ती जोडी कधीच बसत नाही.

तिसरी गोष्ट जास्त फसवी आहे. नट घट्ट होतो म्हणून बरेच जण तो स्लायसरमध्ये १०२ टक्के करतात. यात व्यासाबरोबर पिचही २ टक्क्यांनी वाढते. पिच २ मिमी असेल तर दर फेरीला ०.०४ मिमीचा फरक पडतो आणि सहा फेऱ्यांत तो ०.२४ मिमी होतो. तोवर सगळी फट संपलेली असते. "आधी सहज जातो, मग घट्ट होत जातो" या तक्रारीत मी सर्वात आधी हेच विचारतो, "स्केल केलं होतं का?" फक्त आडव्या दोन दिशांना स्केल केलं तर पिच वाचते, पण वाढ व्यासाच्या प्रमाणात होते. १६ मिमीच्या नटला त्रिज्येवर ०.१६ मिळतात, ३० मिमीच्या नटला ०.३. फटीचा संबंध व्यासाशी नाही, त्यामुळे हाही मार्ग सोडा.

बोल्ट आडवा आणि नट उभा प्रिंट केला असेल, किंवा दोन्ही वेगळ्या प्लास्टिकचे असतील, तरीही पिचमध्ये थोडा फरक पडू शकतो. कारण आकसणं सगळ्या दिशांना आणि सगळ्या प्लास्टिकमध्ये सारखं नसतं.

ओपनएससीएडी वापरत असाल तर वर्तुळाच्या बाजूंची संख्याही पाहा. १२ मिमीच्या वर्तुळाला २४ बाजू दिल्या तर प्रत्येक बाजूच्या मध्यावर वर्तुळ ०.०५ मिमी आत येतं. नटच्या भोकात ते थेट फटीतून जातं. ९६ बाजू दिल्या की हा फरक मोजण्याइतका उरत नाही.

## फटीचा हिशेब

एका मित्राने लाकडी पट्ट्या चिकटवताना दाबून धरायला शिकंजा बनवला होता. बोल्ट १६ मिमी, पिच २, थर ०.२ मिमी, पीएलए. नट दीड फेऱ्यांत थांबायचा. मार्कर लावला तर दोन्ही उतार सगळीकडे सारखे घासलेले. मी विचारलं, "फट किती ठेवलीस?" तो म्हणाला, "०.२." मॉडेल उघडलं तर नटचा व्यास १६.२ होता.

तर ते ०.२ व्यासावरचे होते. म्हणजे त्रिज्येवर ०.१. आणि उतारांमध्ये किती? उतार आडव्या पातळीशी ३० अंशांत आहे. नट त्रिज्येच्या दिशेने बाहेर सरकवला की दोन उतारांमधलं लंब अंतर त्या सरकण्याच्या फक्त निम्मं वाढतं, कारण ३० अंशांचा साइन ०.५ असतो. म्हणून त्याच्या नटमध्ये उतारांच्या मध्ये फक्त ०.०५ मिमी फट होती. बहुतेक घरगुती मशीनवर एवढी फट थरांच्या खडबडीतच भरून जाते.

इथेच "०.२ ठेव" हा सल्ला फसतो. ०.२ व्यासावर ठेवले तर उतारावर ०.०५ मिळतात. त्रिज्येवर ठेवले तर ०.१. आणि फ्यूजनमध्ये आट्याचे पृष्ठभाग निवडून `Offset Face` ने ०.२ सरकवले तर उतारावर पूर्ण ०.२ मिळतात, कारण ती आज्ञा पृष्ठभागाला लंब दिशेने सरकवते. तिघांनी तोच आकडा वापरला आणि प्रत्यक्ष फट चौपट बदलली. म्हणून मी नेहमी उतारावरच्या लंब फटीपासून सुरुवात करतो आणि त्रिज्या मागाहून काढतो.

आता पिच कुठे येते ते पाहू. फट वाढवली की नट सुटा फिरतो, पण आट्यांची एकमेकांतली पकड तेवढीच कमी होते. मेट्रिक आट्यात बोल्ट आणि नट एकमेकांत पिचच्या सुमारे ०.५४ पट खोल जातात. पिच २ असेल तर ही खोली १.०८ मिमी. त्यातून त्रिज्येवरचे ०.३ वजा केले तर ०.७८ उरतात, म्हणजे ७२ टक्के. ही पकड चांगली आहे. तेच ०.३ एम६ बोल्टला दिले, ज्याची पिच १ मिमी असते, तर ०.५४ मधून फक्त ०.२४ उरतात. निम्म्याहून कमी. असा नट हाताने फिरवताना छान वाटतो आणि आवळला की टक् करून सुटतो. सहावं लक्षण ते हेच.

म्हणजे फटीला एक तळाची मर्यादा आहे, ती मशीन ठरवतं. आणि एक वरची मर्यादा आहे, ती पिच ठरवते. या दोन्हींच्या मध्ये जागा उरली तरच जोडी नीट चालेल.

त्या दोन मर्यादांच्या मध्ये नेमका आकडा निवडताना मी एक स्थिर भाग धरतो आणि पिचबरोबर थोडा वाढणारा दुसरा भाग. मोठ्या पिचचा उतार लांब असतो, जास्त थरांवर पसरतो आणि लोंबायला त्याला जास्त जागा मिळते, म्हणून हा दुसरा भाग. धातूच्या आट्यांच्या आयएसओ मानकातही रचना अशीच आहे. नेहमीच्या ६g बोल्टचा आटा मूळ मापापेक्षा किती खाली ठेवायचा ते मायक्रॉनमध्ये १५ अधिक ११ गुणिले पिच असं काढतात. प्लास्टिकच्या थरांना आकडे बरेच मोठे लागतात, पण विचार तोच.

माझ्या मशीनवर ०.४ नोझलला चालणारा हिशेब ओपनएससीएडीत असा:

```
P = 2;                // पिच
d = 16;               // बोल्टचा व्यास
g = 0.10 + 0.025*P;   // उतारावरची लंब फट
c = g / sin(30);      // त्रिज्येवरची फट
D_nut = d + 2*c;      // नटच्या आट्याचा व्यास
depth = 0.541*P - c;  // उरलेली पकड
echo(c, D_nut, depth, depth/(0.541*P));
```

१६ च्या जोडीला यातून लंब फट ०.१५, त्रिज्येवर ०.३, नटचा व्यास १६.६ आणि पकड ७२ टक्के मिळते. पिच ३ ला त्रिज्येवर ०.३५ येतात आणि पकड ७८ टक्के उरते. पिच १.२५ ला, म्हणजे एम८ ला, ६१ टक्के. पकड ६० टक्क्यांच्या खाली गेली की मी फटीशी खेळत बसत नाही, पिच वाढवतो. दोन्ही तुकडे स्वतःच प्रिंट करणार असाल तर पिच मानकातलीच असावी असं काही बंधन नाही. ८ मिमीच्या बोल्टला १.२५ ऐवजी २ ची पिच दिली तर तोच प्रिंटर सहज चालणारी जोडी देतो. बोल्टचा गाभा मात्र बारीक होतो, हे लक्षात ठेवून व्यास थोडा वाढवावा लागतो.

फट कोणाला द्यायची? मी सगळी नटला देतो. उभा प्रिंट केलेला बोल्ट खाचेत, थरांच्या जोडावर तुटतो. तिथलं प्लास्टिक कमी करणं परवडत नाही. नटला भिंत जाड करायला हवी तेवढी जागा असते. नटचा आटा मॉडेल करताना माथा, उतार, खाच सगळं एकत्र `c` ने बाहेर सरकवा. फक्त भोक मोठं केलं आणि खाच तशीच ठेवली तर बोल्टचा माथा तळाला टेकतो आणि उतारावरची फट तर वाढतच नाही.

मॉडेल न बदलता हे पटवून घ्यायचं असेल तर एक सोपा मार्ग आहे. स्लायसरमध्ये फक्त नटला `XY Size Compensation` उणे ०.१ किंवा `Horizontal Expansion` उणे ०.१ द्या आणि पुन्हा प्रिंट करा. प्रत्येक थराची कड ०.१ मिमीने आत जाते, म्हणजे भोकात त्रिज्येवर ०.१ मिमी वाढ मिळते. नट सुधारला तर दिशा बरोबर आहे. नटचं षटकोनही यात ०.२ ने लहान होतं, म्हणून हे फक्त चाचणीपुरतं ठेवा.

## थर आणि उताराचा कोन

मित्राचा नट १६.६ केला. तो शेवटपर्यंत गेला, पण करकरत. पुन्हा मार्कर लावला तेव्हा बेडकडच्या उतारांवरच पट्टे होते. आता फट पुरेशी होती, पण उतार लोंबत होता.

कारण पुन्हा तेच ३० अंश. ०.२ मिमीचा थर घालताना खालच्या थरापेक्षा वरचा थर ०.३५ मिमी बाहेर जातो. प्लास्टिकची रेघ स्वतःच सुमारे ०.४५ मिमी रुंद. म्हणजे तिचा तीन-चतुर्थांश भाग अधांतरी. तो खाली वाकणारच. थर ०.१२ केला की हेच बाहेर जाणं ०.२१ वर येतं आणि निम्म्याहून जास्त रेघेला आधार मिळतो. आम्ही फक्त एवढाच बदल केला. नट दोन बोटांनी फिरायला लागला. नखाने उतारावर घासलं तर आधी कंगव्यासारखं लागायचं, ते आता जेमतेम जाणवत होतं.

पिच लहान असेल तर थराचं महत्त्व आणखी वाढतं. १.२५ च्या पिचमध्ये ०.२ चे जेमतेम सहा थर बसतात, तीन वरच्या उताराला आणि तीन खालच्या. तीन पायऱ्यांत उतार कसला दिसणार? एका पिचमध्ये किमान दहा थर बसतील असं पाहा. आट्यांच्या आत सपोर्ट कधीही घालू नका. नटमधून तो निघत नाही आणि निघाला तरी उतारावर खरवड ठेवून जातो.

थर कमी करूनही लोंबत असेल, किंवा वेळेसाठी ०.२ चाच थर ठेवायचा असेल, तर आट्याचा आकारच बदला. उतार ४५ अंशांत करा, म्हणजे दोन उतारांमधला कोन ९० होतो आणि थर फक्त स्वतःच्या उंचीइतकाच बाहेर जातो. ०.२ च्या थरालाही हे झेपतं. शिवाय त्रिज्येवरची फट लंब फटीच्या दुपटीऐवजी फक्त १.४१ पट लागते. किंमत अशी की आट्याची खोली कमी होते. माथा पिचच्या एक अष्टमांश आणि खाच एक चतुर्थांश रुंद ठेवली तर खोली पिचच्या ०.३१ पट येते. पिच ३ ला ती ०.९४ मिमी. त्यातून ०.२५ ची फट गेली की ०.६९ उरतात. चालतं. म्हणून या आकाराला पिच ३ पेक्षा कमी देऊ नका. आणि आवळताना असा आटा नटला बाहेर ढकलतो, त्यामुळे नटची भिंत जाड हवी, किमान चार परिमिती.

बोल्टवर खरा ताण येणार असेल तर तो आडवा प्रिंट करण्याचाही विचार करा. दांड्याची एक बाजू खाचेपर्यंत सपाट कापा आणि त्या सपाटीवर झोपवा. थर बोल्टच्या लांबीने जातात, त्यामुळे तो तुटत नाही. आटा पूर्ण गोल नसला तरी नट व्यवस्थित धरतो.

## आधी तुकडा, मग पूर्ण बोल्ट

पूर्ण बोल्ट प्रिंट करून पाहू नका. पाच-सहा आट्यांचा बोल्टचा तुकडा आणि तीन बुटके नट प्रिंट करा. त्रिज्येवरची फट एकाला हिशेबापेक्षा ०.०५ कमी, दुसऱ्याला हिशेबाप्रमाणे, तिसऱ्याला ०.०५ जास्त. प्रत्येकाच्या अंगावर आकडा कोरून ठेवा, नाहीतर टेबलावर मिसळले की सगळे सारखेच दिसतात. थर, प्लास्टिक, तापमान तेच ठेवा जे शेवटी वापरणार आहात. जो नट दोन बोटांनी फिरतो, पण बाजूने ढकलला तर डुलत नाही, तो तुमचा. त्यावरून स्थिर भाग, म्हणजे वरच्या हिशेबातला ०.१०, तुमच्या मशीनसाठी दुरुस्त करा. लंब फट त्रिज्येच्या फरकाच्या निम्मी बदलते, हे इथेही विसरू नका. हा आकडा एकदा मिळाला की पुढच्या प्रत्येक पिचला चालतो. नोझल किंवा प्लास्टिक बदललं तरच पुन्हा काढावा लागतो.

## मशीनचा दोष

तीनही नट अर्ध्या फेरीत घट्ट आणि अर्ध्या फेरीत सैल होत असतील तर बोल्ट गोल नाही. आटे नसलेला साधा २० मिमीचा दांडा प्रिंट करा आणि व्हर्नियरने दोन काटकोनी दिशांना मोजा. ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर पट्टे सैल आहेत किंवा पुली तिच्या दांड्यावर सरकते आहे. पुलीचा स्क्रू घट्ट करणं आणि पट्टा ताणणं हे घरी जमतं. त्याच दांड्यावर ठरावीक उंचीवर पुन्हापुन्हा येणारी कड दिसली तर उभ्या दिशेचा स्क्रू वाकडा असू शकतो. तो काढून सपाट काचेवर लोळवा, वाकडेपणा डोळ्यांना दिसतो.

## कुठे थांबायचं

वाकलेला स्क्रू सरळ करायचा प्रयत्न करू नका, तो बदलावा लागतो. बदलताना मशीनची चौकट हलली आणि पुन्हा काटकोनात बसली नाही तर प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. पॉवर सप्लाय, जळकट वास, गरम होणारी वायर असं काही दिसलं तर मशीन बंद करून प्लग काढा आणि जाणकारालाच बोलवा. तिथे स्वतः उघडून पाहण्यासारखं काही नसतं.

एम६ आणि त्याहून लहान मानक आटे ०.४ नोझलने प्रिंट करण्यात वेळ घालवू नका. तिथे भोक ठेवा आणि गरम करून बसवायचा पितळी इन्सर्ट वापरा, किंवा षटकोनी खिसा ठेवून धातूचा नट बसवा.

आणि ज्या नट-बोल्टवर कुणाची सुरक्षितता अवलंबून आहे, वजन उचलणं, वाहनाचा भाग, दाबाखालची टाकी किंवा नळी, उंचीवर माणसाला धरून ठेवणारी कुठलीही वस्तू, तो प्रिंट करू नका. पकड ७२ टक्के असो की ९०, प्लास्टिक सततच्या ताणाखाली हळूहळू सरकत राहतं आणि थरांचा जोड आधी इशारा न देता सुटतो. तिथे धातूचा मानक बोल्ट घ्या. माप वेगळंच असेल तर लेथवर काम करणाऱ्याकडे जा. त्याला व्यास, पिच, आट्याची लांबी आणि उजवा की डावा एवढं लिहून दिलं की पुरतं. प्रिंट केलेली जोडी नमुना म्हणून बरोबर न्या, पण माप त्यावरून घ्यायला सांगू नका. तुमच्या नटमध्ये फट मिसळलेली आहे, मूळ माप बोल्टच्या मॉडेलमधून द्या.